दोन फ्लॅट, चाळीस तोळे आणि महिन्याची एक तारीख

निवृत्तीच्या तयारीविषयी विचारलं की मराठी मध्यमवर्गीय घरात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. राहतं घर आहे, एक फ्लॅट भाड्याने दिलाय, आणि लॉकरमध्ये बऱ्यापैकी सोनं आहे. हे सांगताना आवाजात निश्चिंती असते. त्या निश्चिंतीला आधारही आहे, कारण या तिन्ही गोष्टींच्या किमती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डोळ्यांदेखत वाढल्या. पण निवृत्तीनंतर दर महिन्याला पैसे लागतात, किंमत लागत नाही. आणि किती महिने लागतील, हे कुणालाच माहीत नसतं. अडचण तिथेच आहे.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ आणि आकडे मांडू. पुण्यातलं जोडपं. ते ६२ वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त, त्या ६०च्या. राहतं घर स्वतःचं. उपनगरात दोघांच्या नावे निम्मा-निम्मा असलेला दुसरा फ्लॅट, २००९ साली सगळा खर्च धरून २२ लाखांना घेतलेला, आज ८० लाखांना जाईल असा. सोनं चाळीस तोळे, बहुतेक दागिन्यांत. बँकेत १५ लाखांची एफडी. पीएफसोबत मिळणारी नोकरदारांची ईपीएस पेन्शन महिना ३,८०० रुपये. ईपीएसबद्दल फार आशा ठेवू नये. ही पेन्शन १५ हजारांच्या पगारमर्यादेवर काढली जाते, त्यामुळे पूर्ण पगारावर जादा वर्गणी न भरलेल्या माणसाला ३५ वर्षांची सेवा धरूनही ती महिना साडेसात हजारांच्या पुढे जात नाही. त्यांच्या पश्चात पत्नीला तिच्यातली निम्मी मिळते.

घरखर्च महिना ५५ हजार. त्यातले ३८ हजार न टाळता येणारे: किराणा, औषधं, वीज-गॅस, सोसायटीची वर्गणी, मेडिक्लेमच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा, कामवाल्या मावशींचा पगार. उरलेले १७ हजार प्रवास, लग्नकार्य, नातवंडं आणि हौसेमौजेचे.

आता फ्लॅटचं भाडं. २० हजार महिना म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. बहुतेक जण हाच आकडा मनात धरतात. पण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं. सरासरी वर्षाला एक महिना धरला तर २० हजार गेले. दर दोन वर्षांनी एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला १० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, तो मालकाकडेच, म्हणजे ३६ हजार. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा ना-वापर आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तो धरू ३ हजार. महापालिकेचा मिळकतकर १४ हजार. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिलं की जाते. रंग, गळती, गीझर, नळ यांसाठी वर्षाला सरासरी १५ हजार, आणि हा अंदाज कमीच आहे. बेरीज ९८ हजार. हातात राहिले १ लाख ४२ हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम ११,८००. ८० लाखांच्या मालमत्तेवर हे पावणेदोन टक्के झाले. बचत खात्यापेक्षा फार वेगळं नाही.

या जोडप्याचं महिन्याचं एकूण उत्पन्न मग असं: भाडं ११,८००, ईपीएस ३,८००, एफडीचं सात टक्क्यांनी व्याज ८,७५०. सगळं मिळून सुमारे २४,३५०. खर्च ५५ हजार. दर महिन्याला साडेतीस हजारांची तूट, ती एफडी मोडून भरायची. एफडी घटते तसं व्याज घटतं, महागाईने खर्च वाढतो, आणि चौथ्या वर्षी एफडी संपते. तेव्हा ते ६६चे असतात. कागदावर सव्वा कोटीची संपत्ती आणि सोबत राहतं घर, पण मेडिकलचं बिल द्यायला मुलाला फोन.

यावर नेहमीचा सवाल येतो: मग तेव्हा फ्लॅट विकू की! विकता येतो, पण केव्हा, कितीला आणि कोणाला, हे आपल्या हातात नसतं. घराचा एक कोपरा विकून सहा महिन्यांचा खर्च भागवता येत नाही. विकलं तर पूर्ण विकावं लागतं, आणि तेही तुम्हाला गरज असेल त्या वर्षी. घेणारा बहुधा कर्ज काढून घेतो, म्हणजे त्याच्या बँकेचा वकील तुमची फाईल तपासणार. इंडेक्स टू, मूळ करारनामे, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मिळकतकराच्या पावत्या आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र. शेवटच्या कागदावर कितीतरी व्यवहार अडतात, कारण बिल्डरने ते घेतलेलंच नसतं, आणि पंधरा वर्षं कुणाला त्याची गरजही पडलेली नसते. मग बँक कर्ज नाकारते, रोखीने घेणारा भाव पाडून मागतो, आणि घाई असलेला म्हातारा माणूस तो मान्य करतो.

त्याहून गंभीर गोष्ट क्वचित बोलली जाते. घर विकायला विकणाऱ्याचं डोकं ठिकाणावर लागतं. दुय्यम निबंधकासमोर बसून, अंगठा आणि फोटो देऊन, समजून-उमजून सही करायची असते. ७८व्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याच्या नावचा हिस्सा विकताच येत नाही. 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय' हे उत्तर इथे चालत नाही. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणजे पैशाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी मालमत्तेला कुलूप. पेन्शनला असला निर्णय लागत नाही. ती खात्यात येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तोही आता बऱ्याच ठिकाणी घरी बसून चेहरा दाखवून देता येतो.

गावाकडच्या जमिनीचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी दहा-बारा नावं असतील, तर ती जमीन निवृत्तीच्या हिशेबात धरू नये.

आता सोनं. सोनं घरापेक्षा सुटसुटीत आहे, कारण थोडं थोडं विकता येतं आणि गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पण चाळीस तोळे म्हणजे चाळीस गुणिले आजचा पेपरमधला भाव, हा हिशेब चुकतो. कोल्हापुरी साज घ्या. काट्यावर वजन चार तोळे, म्हणजे ४० ग्रॅम. सराफ पानड्यांमधली लाख काढतो, दोरा बाजूला ठेवतो, आणि उरतात ३३ ग्रॅम. आईच्या काळचा दागिना, जोडकामात डाग, म्हणजे हलक्या धातूचा सांधा, बराच. मशीनवर तपासलं की २२ ऐवजी २० कॅरेट निघतो, म्हणजे ८३.३ टक्के. शुद्ध सोनं झालं साडेसत्तावीस ग्रॅम. त्यावर दोन टक्के घट धरली की २७ ग्रॅम. चार तोळ्यांचे पावणेतीनही नाहीत. घेताना दिलेली मजुरी गेली ती गेलीच. नथीत तर सोनं नावालाच असतं, किंमत मोत्यांची, आणि जुन्या मोत्यांना सराफ काही देत नाही. हॉलमार्कच्या बांगड्या आणि पाटल्या यांचं नुकसान कमी. वेढणी, नाणी, बिस्किटं यांचं सर्वांत कमी. चाळीस तोळ्यांतले प्रत्यक्षात तीस-बत्तीस तोळेच मोजावेत, आणि त्यातलेही आजीचा हार, मंगळसूत्र, सुनेला द्यायच्या पाटल्या वजा केल्या, की खरोखर विकले जातील असे किती उरतात ते ज्याचं त्याने पाहावं.

तुटीसाठी दर महिन्याला थोडं सोनं विकू, असंही काही जण म्हणतात. याची परीक्षा पडत्या भावात होते. २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव ३१ हजारांच्या आसपास गेला होता. २०१५ मध्ये तो २५-२६ हजारांवर आला. त्याच काळात महागाई जोरात होती. २०१२ साली ज्याची महिन्याची गरज ३० हजार होती त्याचं एका तोळ्यात भागत होतं. तीन वर्षांनी त्याचीच गरज ३८ हजारांवर गेली असेल, तर दीड तोळा विकावा लागला असता. भाव पडलेला असताना जास्त वजन विकलं की पुढे भाव वर चढला तरी त्या वजनाचा फायदा आपल्याला मिळत नाही, ते आधीच गेलेलं असतं. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे आज हे कुणाला पटत नाही. पण जागतिक बाजारात १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलेला भाव पुन्हा तिथे यायला २००८ उजाडलं. रुपया घसरत गेल्यामुळे आपल्याकडे ती मंदी इतकी जाणवली नाही, इतकंच. अठ्ठावीस वर्षं म्हणजे साठीत निवृत्त झालेल्याचं पुढचं सगळं आयुष्य.

सोनं अडीनडीला असतं, असं आपली जुनी माणसं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. रात्री अचानक अॅडमिट करायची वेळ आली तर दुसऱ्या दिवशी गहाण ठेवून पैसे उभे राहतात. पण गहाण कर्जावर व्याज चढतं, आणि फेडायला महिन्याचं उत्पन्नच नसेल तर दागिना लिलावात जातो. म्हणजे सोनं नीट उपयोगी पडायलाही मागे नियमित उत्पन्न लागतं.

मग पेन्शन वेगळं काय करते? विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराची पेन्शन विकत घेता येते. ती कंपनी हजारो माणसांचे पैसे एकत्र करते. त्यातली काही सत्तरीत जातात, काही पंचाण्णव गाठतात. आपण कोणत्या गटात, हे आपल्याला कळत नाही, पण हजारांत सरासरी किती जगतील हे कंपनीला बऱ्यापैकी कळतं. लवकर गेलेल्यांचा उरलेला पैसा जास्त जगणाऱ्यांची पेन्शन चालू ठेवतो. एकट्या माणसाला ही जोखीम पेलायची, तर ९५व्या वर्षापर्यंत पुरेल इतका पैसा राखावा लागतो, म्हणजे काटकसरीत जगावं लागतं, आणि ७५व्या वर्षी गेला तर ती सगळी काटकसर फुकट. फ्लॅट आणि सोनं दोन्ही या बाबतीत एकट्याचीच तिजोरी आहेत.

आपल्या जोडप्याने फ्लॅट विकला तर काय होतं ते पाहू. एजंटला एक टक्का, ८० हजार. भांडवली नफ्यावर कर: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी कर भरायची मुभा आहे. सरळ १२.५ टक्क्यांनी साडेसात लाखांच्या घरात जातो. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी पाच लाखांच्या आत बसतो. इथे निर्देशांकाचा मार्ग स्वस्त पडला, पण दरवेळी पडेलच असं नाही, दोन्ही आकडे काढूनच ठरवावं. हातात सुमारे ७४ लाख.

त्यातले दोघांनी प्रत्येकी २० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्के दराने ४० लाखांवर वर्षाला ३ लाख २८ हजार, महिन्याला पडतात २७,३००. प्रत्यक्षात दर तिमाहीला येतात. वीस लाखांची तहहयात पेन्शन घेतली, संयुक्त, एकाच्या पश्चात दुसऱ्याला पूर्ण आणि दोघांनंतर मूळ रक्कम वारसांना. साडेसहा टक्क्यांच्या आसपास दर धरला तर महिन्याला १०,८००. ईपीएसचे ३,८०० मिळवले की ४१,९००. म्हणजे न टाळता येणारे ३८ हजार पूर्ण झाकले गेले. उरलेले १४ लाख आणि आधीची १५ लाखांची एफडी तशीच; या दोन्हींच्या व्याजावर हौसेमौजेचे १७ हजार जवळजवळ निघतात. दवाखान्यासाठी २९ लाख हाताशी, आणि सोन्याला हात लावलेला नाही.

भाडं दरवर्षी वाढतं, पेन्शन वाढत नाही, हे खरं. म्हणून तेही मोजू. निव्वळ भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी बिनचूक वाढत गेलं, तरी ११,८०० चे ज्येष्ठ नागरिक योजना आणि तहहयात पेन्शन मिळून येणाऱ्या ३८,१०० इतके व्हायला २४ वर्षं लागतात. तेव्हा ते ८६चे असतील आणि इमारत चाळिशीची, म्हणजे लिफ्ट, पाइप आणि पुनर्विकासाच्या सभा. दरम्यान फ्लॅटची किंमत वाढली असेल, नक्कीच. पण ती वाढ विकल्याशिवाय खाता येत नाही, आणि न विकता ठेवली तर ती वारसांची मिळकत, आई-वडिलांच्या निवृत्तीची नव्हे. काही आई-वडिलांना हेच हवं असतं. तसं असेल तर निदान मुलांशी ते बोलून, महिन्याचे पैसे कोण देणार हे ठरवून करावं.

पेन्शनचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सहा टक्के महागाई धरली तर आजचे १०,८०० बारा वर्षांनी निम्म्या किमतीचे होतात. दरवर्षी तीन टक्के सरळ दराने वाढणारा पर्याय काही योजनांत असतो, पण सुरुवातीची रक्कम बरीच कमी असते. एकदा घेतलेली तहहयात पेन्शन मोडणं जवळजवळ अशक्य, किंवा मोडली तर मोठं नुकसान. म्हणून सगळा पैसा तिच्यात घालणं हाही वेडेपणाच. पेन्शनची रक्कम पूर्णपणे करपात्र उत्पन्नात धरली जाते. आणि ज्येष्ठ नागरिक योजना तहहयात नाही. पाच वर्षांची आहे, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, पण त्या वेळच्या दराने. २०२० च्या मार्चपर्यंत ८.६ टक्के देणारी हीच योजना एप्रिलपासून ७.४ वर आली आणि अडीच वर्षं तिथेच राहिली. त्या काळात ज्यांची मुदत संपली त्यांचं उत्पन्न एका झटक्यात घटलं. तहहयात पेन्शनचा दर मात्र घेतला त्या दिवशी पक्का होतो.

म्हणूनच सगळी पेन्शन एकदम घेण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने घेणं शहाणपणाचं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. मूळ रक्कम परत देणाऱ्या पर्यायात वय वाढलं तरी दर फारसा वाढत नाही, कारण कंपनी तुम्हाला जवळपास फक्त व्याज देत असते. रक्कम परत न देणाऱ्या पर्यायात वयाचा फायदा मिळतो: साठीत एका व्यक्तीला आठ टक्क्यांच्या आगेमागे असणारा दर सत्तरीत दहाच्या आसपास जातो. मराठी घरात 'पैसे परत मिळतात ना?' हा पहिला प्रश्न असतो आणि त्यामुळे सरसकट पहिला पर्याय घेतला जातो. वारसांसाठी राहतं घर आणि सोनं आधीच असताना पेन्शनमध्येही त्यांची सोय करायची गरज नाही. आपल्या जोडप्याला ६२व्या वर्षी वीस लाखांचा पहिला टप्पा रक्कम परतीसह, आणि सत्तरीच्या सुमारास एफडीतले दहा लाख रक्कम परत न देणाऱ्या संयुक्त पर्यायात, असं करता येईल. महागाईने किंमत घटलेलं उत्पन्न तेव्हा थोडं तरी भरून निघतं.

फ्लॅट विकायचाच नसेल, तर निदान सोन्यातली बिस्किटं आणि न वापरातल्या जाड बांगड्या यांपासून सुरुवात करावी, भाव चढा असताना, आणि तो पैसा पेन्शनकडे वळवावा. घर गहाण ठेवून बँकेकडून महिन्याला रक्कम घेण्याची उलट गहाणखताची योजना २००७ पासून आहे; बँकांना तिच्यात रस नाही आणि वारसांनाही नाही, तेव्हा तिच्यावर विसंबू नये.

पेन्शनचा अर्ज भरताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जास्त रक्कम दिसते म्हणून फक्त नवऱ्याच्या आयुष्यापुरता पर्याय घेणं. बायका सहसा वयाने लहान असतात आणि जास्त जगतात; ते गेले की पेन्शन त्याच महिन्यात थांबते. संयुक्त पर्याय घेतल्यावरही पत्नीचं नाव आधार, पॅन आणि बँक पासबुक तिन्हीकडे एकसारखं आहे का, जन्मतारीख तीच आहे का, हे अर्ज देण्याआधी पाहावं. माहेरचं नाव पॅनवर आणि सासरचं आधारवर, असं सर्रास असतं. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात किंवा विवाह नोंदणीचा दाखला दोघंही हिंडते-फिरते असताना काढणं सोपं काम आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तेच काम एकट्या बाईला पेन्शन बंद असताना करावं लागतं.